वर्गशिक्षिकेला पाठवायचा मेल : ‘कृपया’ आहे, तरी उद्धट का वाटतो?

प्रश्न : मुलगा सहावीत आहे, मराठी शाळा, कांदिवली. कांजिण्यांमुळे ३ ते १२ फेब्रुवारी शाळेत गेला नाही, १३ तारखेला जाईल. त्याच्या वर्गशिक्षिकेला पाठवायला हा मेल लिहिला आहे. बायको म्हणते उद्धट वाटतो. मला तर सगळीकडे ‘कृपया’ आणि ‘आपण’ दिसतंय. सुधारून द्याल का?

“आदरणीय महोदया, आपणास कळवू इच्छितो की माझा मुलगा अर्णव आजारी असल्याने शाळेत येऊ शकला नाही, याची कृपया नोंद घ्यावी. वर्गात आधीच एका मुलाला कांजिण्या होत्या, त्यामुळे अर्णवलाही झाल्या. मी ग्रुपवर मेसेज टाकला होता पण तुम्ही उत्तर दिले नाही. त्याची विज्ञानाची घटक चाचणी बुडाली आहे, तरी ती पुन्हा घेण्यात यावी. तसेच सर्व विषयांचा बुडालेला अभ्यास पाठवून सहकार्य करावे. आपण समजून घ्याल अशी अपेक्षा. आगाऊ धन्यवाद.”

उत्तर :

तुमच्या पत्नीचा कान बरोबर आहे. मी मुंबईतल्या मराठी शाळेत ३१ वर्षं शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं एखादा वर्ग माझ्या नावावर होता. गैरहजेरीची कारणं आधी डायरीत चिठ्ठीवर यायची, मग व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागली, शेवटी शेवटी मेलवर. चिठ्ठीत लोक साधं लिहायचे : “बाई, काल रात्रीपासून ताप आहे, आज पाठवत नाही.” तेच पालक मेल लिहायला बसले की एकदम तहसील कचेरीतले कारकून व्हायचे. तुमच्या मेलचं दुखणं तेच आहे. उद्धटपणा तुमच्या मनात नाही, तो क्रियापदांतून आला आहे.

“नोंद घ्यावी”, “सहकार्य करावे”, “घेण्यात यावी” ही तीन क्रियापदं एकापाठोपाठ वाचून बघा. ‘करावे’, ‘घ्यावी’ हे विध्यर्थी रूप आपल्या रोजच्या डोळ्यांसमोर कुठे असतं? सोसायटीच्या फळ्यावर : “सभासदांनी मेन्टेनन्स १० तारखेपूर्वी भरून सहकार्य करावे.” बँकेच्या काचेवर. पाणी बंद राहणार असल्याच्या सूचनेत. तिथे सांगणारा वर असतो आणि ऐकणारा खाली, आणि ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणायला जागा नसते. त्याच्या आधी ‘कृपया’ लावल्यानं फरक पडत नाही, कारण त्या सूचनांमध्येही ‘कृपया’ असतोच. इतक्या वर्षांत तो शब्द आता विनंतीचा राहिलेलाच नाही, सूचनेचा शिक्का झाला आहे. त्यातही “घेण्यात यावी” तर थेट शासन निर्णयाची भाषा. शाळेत असं वाक्य वरच्या कार्यालयातून येतं आणि ते वाचून मुख्याध्यापकही खुर्चीत सरळ होतात.

हेच रूप अर्जात चालतं, हे खरं आहे. “रजा मंजूर करावी, ही विनंती” हे आपण सगळ्यांनी शाळेत घोटलं आहे. पण तिथे शेवटची ‘ही विनंती’ सगळं काम करते. ती काढली की उरतो तो हुकूम. तुमच्या मेलमध्ये तीन ‘करावे’ आहेत आणि ‘विनंती’ एकदाही नाही. मात्र तीन ठिकाणी ‘ही विनंती’ चिकटवून हे सुटणार नाही, मग तो अर्ज होईल. गैरहजेरी कळवायला अर्ज लागत नाही. मुलगा शाळेत आला नाही, ते दिवस होऊन गेले, आता मंजूर करायचं काही उरलेलं नाही. फक्त सांगायचं आहे. म्हणून पहिल्या वाक्यातलं “आपणास कळवू इच्छितो की” आणि “याची कृपया नोंद घ्यावी” ही दोन्ही टोकं कापून टाका. मधे जे राहतं तेच वाक्य. नोंद बाई घेणारच आहेत, कॅटलॉग त्यांच्याकडेच असतो.

संबोधनाचं थोडक्यात. ‘महोदया’ हे ज्या बाईंचं नाव माहीत नाही त्यांच्यासाठी असतं. आठ महिने मुलगा ज्यांच्या वर्गात बसतो त्यांना ‘महोदया’ म्हटलं की जवळच्या माणसाला पावती फाडून दिल्यासारखं होतं. मुलगा घरी त्यांना काय म्हणतो ते लिहा. आपल्या शाळांत कुठे ‘सावंत बाई’ म्हणतात, कुठे ‘सावंत टीचर’. तेच आडनावासकट लिहावं आणि खाली ‘नमस्कार’. ‘आदरणीय’ची गरज नाही. आणि ‘आपण’ किंवा ‘तुम्ही’ यांपैकी एकच निवडा. तुम्ही ‘आपणास’ने सुरुवात केलीत, शेवटीही ‘आपण समजून घ्याल’ आहे, आणि जिथे तक्रार आली तिथे नेमकं ‘तुम्ही उत्तर दिले नाही’ झालं. हे तुमच्या लक्षातही आलं नसेल, पण वाचणाऱ्याला त्या जागी आवाज चढलेला ऐकू येतो. मी ‘तुम्ही’च सुचवेन. मराठीत ‘तुम्ही’ पुरेसा आदरार्थी आहे आणि त्यात अंतर पडत नाही.

आता आजाराचं वाक्य. “आजारी असल्याने” एवढंच लिहून तुम्ही पुढच्या वाक्यात कांजिण्यांचं नाव घेतलंत, तेही दुसऱ्या मुलावर ठपका ठेवायला. इथे नम्रतेपेक्षा माहिती महत्त्वाची आहे. कांजिण्या संसर्गातून आल्यावर पुरळ दिसायला १० ते २१ दिवस लागतात, आणि ज्याला त्या होणार आहेत तो पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना देऊ शकतो. म्हणजे अर्णवला त्या वर्गातल्या मुलाकडून आल्या, क्लासमध्ये आल्या की लोकलच्या डब्यात आल्या, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि त्या मुलाच्या आईलाही आधी कळायला मार्ग नव्हता. तुमचं वाक्य वाचून बाईंना एकच अर्थ लागेल : शाळेनं लक्ष दिलं नाही. ते वाक्य जाऊ द्या.

त्याऐवजी बाईंना खरोखर हवी असते ती गोष्ट लिहा : अर्णव वर्गात शेवटचा कधी बसला आणि पुरळ कधी दिसलं. समजा शनिवारी, १ तारखेला तो शाळेत होता आणि रविवारी अंगावर पुरळ आलं. याचा अर्थ शनिवारी त्याच्या बाकावरच्या मुलाला संसर्ग झालेला असू शकतो आणि त्या मुलावर २२ तारखेपर्यंत लक्ष ठेवायला हवं. २२ तारखेचा हिशेब तुम्ही मेलमध्ये मांडू नका, तो बाईंना शिकवल्यासारखा वाटेल. दोन तारखा दिल्या की शाळा तो हिशेब करते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेला सातवा महिना चालू होता तेव्हा एका पालकानं चार दिवस “बरं नाही” एवढंच कळवलं, आणि पाचव्या दिवशी कांजिण्या म्हणून सांगितलं. गरोदर बाईला लहानपणी कांजिण्या झाल्या नसतील आणि लसही घेतलेली नसेल, तर हा आजार तिला आणि बाळाला जड जाऊ शकतो. तिला लगेच डॉक्टर गाठता आले असते, ते चार दिवस गेले. तेव्हापासून मी पालकसभेत दरवर्षी सांगायची, की ताप असेल तर ताप लिहा, पण अंगावर पुरळ असेल तर पहिल्याच दिवशी आजाराचं नाव लिहा. आणि नाव बरोबर लिहा. काही घरांत अजून “देवी आल्या” म्हणतात. देवी म्हणजे वेगळा रोग आणि तो जगातूनच गेला, १९८० साली तशी घोषणाही झाली. गोवर हाही वेगळा. डॉक्टरांनी कागदावर जे लिहिलं आहे तेच मेलमध्ये यायला हवं, नाहीतर ऑफिसमधले विचारत बसतात.

ग्रुपवरच्या मेसेजबद्दल. तुम्ही कळवलं होतंत हे बाईंना आठवण करून देण्यात काही गैर नाही, कारण पुढे कुणी विचारलं तर ते तुमच्या बाजूचं आहे. पण “तुम्ही उत्तर दिले नाही” यात कर्ता समोर उभा आहे आणि त्याच्याकडे बोट आहे. मराठीत कर्त्याला बाजूला ठेवून तीच गोष्ट सांगायची सोय आहे : “मेसेज नजरेतून सुटला असेल”, “पाहायचा राहून गेला असेल”. मेसेज सुटला, कुणी सोडला नाही. साठ पालकांच्या ग्रुपवर सकाळी गुड मॉर्निंगची फुलं, गृहपाठाचे फोटो आणि हरवलेली पाण्याची बाटली यांच्यामध्ये एक मेसेज सुटतोच, हे मी दुसऱ्या बाजूनं अनुभवलं आहे. माझं मत विचाराल तर ग्रुपवर मुलाच्या आजाराचं लिहूच नये. बाईंना एकट्यांना लिहावं.

सगळ्यात जास्त विचार करायला हवा तो चाचणीच्या वाक्याचा. “ती पुन्हा घेण्यात यावी” हे ज्यांना लिहिलं आहे, त्यांच्या हातात ते नसतं. घटक चाचणी पुन्हा घ्यायची का, प्रश्नपत्रिका वेगळी काढायची का, की त्या गुणांचं दुसरं काही करायचं, हे बहुतेक शाळांत पर्यवेक्षिका किंवा परीक्षा विभाग ठरवतो, आणि विज्ञानाच्या बाई वेगळ्या असतील तर त्यांनाही विचारावं लागतं. वर्गशिक्षिका मधली. तिला तुम्ही असं काही मागितलंत जे तिला देता येत नाही, तर तिच्यापुढे दोनच वाटा राहतात : “नाही” म्हणून वाईट व्हायचं किंवा उत्तरच द्यायचं नाही. आणि मग तुम्ही म्हणणार, बाई उत्तर देत नाहीत.

म्हणून आधी मागणीच्या जागी प्रश्न ठेवा. इथे मराठीतली ‘-ता येईल का’ ही रचना फार कामाची आहे. “तुम्ही त्याची चाचणी घ्याल का?” हा प्रश्न बाईंच्या मर्जीबद्दल आहे. नाही म्हटलं तर त्यांनी नकार दिला असं होतं. “त्याला चाचणी नंतर देता येईल का?” यात बाई कुठेच नाहीत. ‘येईल’ किंवा ‘येणार नाही’ हे नियमावर अवलंबून आहे, आणि त्या सरळ सांगू शकतात की आपल्या शाळेत तशी पद्धत नाही. तुम्हाला उत्तर मिळतं आणि त्यांना संकोच पडत नाही. याहून मऊ हवं असेल तर आधी पद्धतच विचारा : “अशा वेळी शाळेची पद्धत काय आहे?” मी वर्गशिक्षिका असताना असा प्रश्न आला की पर्यवेक्षिकांच्या केबिनमध्ये तो मोबाइल तसाच घेऊन जाता यायचा. “घेण्यात यावी” असं लिहिलेला मेल मात्र मला तिथे आधी माझ्या शब्दांत सांगावा लागायचा, कारण तो दाखवला असता तर मुलाचं काम बिघडलं असतं.

बुडालेल्या अभ्यासाचंही तसंच. “सर्व विषयांचा अभ्यास पाठवून सहकार्य करावे” म्हणजे नऊ दिवसांचं, सात-आठ विषयांचं काम एका बाईंनी गोळा करायचं आणि ते त्यांनी शिकवलेलंही नाही. शाळेतला प्रत्येक पालक हे मागू शकतो, आणि पन्नास-साठांच्या वर्गात रोज दोन-तीन मुलं गैरहजर असतातच. वह्या मित्राकडून घ्या, निम्मं उतरवून झालं की लिहा. बाईंकडे फक्त तेवढंच मागा जे मित्र देऊ शकत नाही, म्हणजे मुदत. वाक्य असं फिरवलं की त्यात तुम्ही आधी काहीतरी केलेलं दिसतं आणि मागणी लहान होते. एका खोलीत निजलेल्या, अंगाला खाज सुटलेल्या मुलानं नऊ दिवसांत सगळं पूर्ण करावं असं कुणीच म्हणणार नाही, मुदत मिळते.

“समजून घ्याल अशी अपेक्षा” यातली ‘अपेक्षा’ काढा. अपेक्षा मोठ्यांनी धाकट्यांकडून किंवा साहेबानं कर्मचाऱ्याकडून ठेवायची असते, ती कळवली की ताकीद होते. ‘आशा’ चालली असती, पण तुमच्या मेलमध्ये समजून घेण्यासारखं काही नाहीच. मुलगा आजारी होता, अपराध कुणाचाच नाही. आणि “आगाऊ धन्यवाद” हे इंग्रजीतून शब्दाला शब्द आलं आहे. मराठीत आगाऊ रक्कम असते आणि आगाऊ मुलगा असतो. आगाऊ धन्यवाद वाचले की मला तो दुसराच आठवतो. नुसतं ‘धन्यवाद’ पुरे.

आता तुमचा मेल. आडनावं आणि हजेरी क्रमांक माझे आहेत, शेवटचा दिवस, पुरळाचा दिवस, चाचणीची तारीख आणि वह्यांचा तपशीलही मी धरून चालले आहे. ते तुमचे घाला.

विषय : अर्णव पाटील, ६ ब, हजेरी क्र. १७ : ३ ते १२ फेब्रुवारी गैरहजेरी

सावंत टीचर,
नमस्कार.

अर्णवला कांजिण्या झाल्यामुळे तो सोमवार, ३ फेब्रुवारी ते बुधवार, १२ फेब्रुवारी शाळेत येऊ शकला नाही. आता सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या आहेत आणि डॉक्टरांनी शाळेत जायला हरकत नाही असे सांगितले आहे. गुरुवारी, १३ तारखेला तो येईल. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे, मूळ प्रत त्याच्याबरोबर देतो.

शाळेतला त्याचा शेवटचा दिवस शनिवार, १ फेब्रुवारी होता आणि पुरळ रविवारी दिसले. ३ तारखेला मी ग्रुपवर कळवले होते, तो मेसेज नजरेतून सुटला असेल म्हणून पुन्हा लिहितो आहे.

६ तारखेची विज्ञानाची घटक चाचणी त्याला देता आली नाही. अशा वेळी शाळेची पद्धत काय आहे? चाचणी नंतर देता येत असेल, तर सांगाल त्या दिवशी तो तयारी करून येईल.

बुडालेला अभ्यास मित्राच्या वह्यांवरून उतरवून घेतो आहे. गणित आणि मराठी झाले, बाकीच्या विषयांसाठी सोमवार, १७ तारखेपर्यंत वेळ मिळेल का?

धन्यवाद.

राजेश पाटील
(अर्णवचे वडील)

सहीखाली ‘अर्णवचे वडील’ लिहिताना काही वडील अडखळतात, स्वतःलाच मान दिल्यासारखा वाटतो म्हणून. ‘वडील’ हा शब्दच अनेकवचनी चालतो, ‘अर्णवचा वडील’ कुणी म्हणत नाही. उलट “माझे चिरंजीव आजारी होते” असं लिहू नका. आपल्या मुलाला बाहेर आदरार्थी बहुवचन लावत नाहीत.

विषयाच्या ओळीत वर्ग आणि हजेरी क्रमांक हवाच. एका वर्गात तीन अर्णव असतात आणि तुमच्या मेलच्या पत्त्यावर बहुधा तुमच्या कंपनीचं नाव असतं, मुलाचं नाही. प्रमाणपत्रात दोन गोष्टी तपासून घ्या : त्यातल्या तारखा मेलमधल्या तारखांशी जुळतात का, आणि फक्त “उपचार चालू होते” असं आहे की शाळेत जायला हरकत नाही हेही लिहिलं आहे. दुसरं नसेल तर साथीच्या आजारात काही शाळा मुलाला ऑफिसमध्ये बसवून घरी फोन करतात. आणि एक फोड जरी ओला असेल, तरी प्रमाणपत्रावर तारीख काही असो, पाठवू नका. मेलमधली तारीख बदलून कळवा.

नऊ दिवसांचा आजार, बुडालेली चाचणी आणि मुदत एवढं असल्यामुळे हा मेल लांबला. एका दिवसाच्या तापाला किंवा मुसळधार पावसात गाड्या बंद पडल्या म्हणून बुडालेल्या दिवसाला दोन ओळी खूप झाल्या : “सावंत टीचर, अर्णवला रात्रीपासून ताप आहे, आज शाळेत येणार नाही. उद्याचं संध्याकाळी कळवतो.” त्यात ना कृपया, ना विनंती, आणि कुठल्याही बाईंना तो उद्धट वाटणार नाही.

मेल १२ तारखेला संध्याकाळीच पाठवा, म्हणजे १३ला सकाळी कॅटलॉग भरताना बाईंना माहीत असेल. मूळ प्रमाणपत्र डायरीत ठेवा, डब्याच्या पिशवीत नको. भेंडीच्या तेलासकट आलेली प्रमाणपत्रं मी फाइलला लावलेली आहेत.